पाय तुटला की मोडला? अडखळलेल्या मराठीला नेमक्या शब्दांपर्यंत नेण्याची रीत

सातपूर-अंबडच्या कारखान्यांमुळे, शिक्षणामुळे किंवा लग्नामुळे नाशिकला आलेली आणि दहा-पंधरा वर्षांत चांगली मराठी बोलायला लागलेली हिंदीभाषक माणसं इथे गल्लोगल्ली आहेत. त्यांना मराठी पेपर वाचता येतो, सोसायटीच्या बैठकीत भांडता येतं, बँकेत अर्जही लिहिता येतो. तरी दोन वाक्यांत समोरचा विचारतो, "तुम्ही मूळचे कुठले?" उच्चार बरा असतो, व्याकरणही फारसं चुकत नाही. माणूस ओळखू येतो तो शब्दाच्या निवडीवरून. "मोबाईलची काच तुटली", "माझी झोप तुटली", "दूध खराब झालं". यातलं प्रत्येक वाक्य कळतं, पण मराठी घरात वाढलेला माणूस ते तसं म्हणाला नसता.

हा लेख अशा टप्प्यावर थांबलेल्यांसाठी आहे, आणि त्यांना मदत करू पाहणाऱ्या शेजाऱ्यांसाठी आणि सहकाऱ्यांसाठीही. शब्दसंपत्ती कशी वाढवावी हा विषय इथे नाही. आलेल्या शब्दांमधून नेमका शब्द कसा निवडायचा, एवढंच पाहायचं आहे. त्यासाठी क्रियापदांचं एकच कुटुंब घेऊन शेवटपर्यंत जाऊ: तुटणे, मोडणे, फुटणे, फाटणे. हिंदीत यातली बरीच कामं एकटं 'टूटना' करतं, म्हणून चुकांचा सर्वांत मोठा साठा इथेच सापडतो.

गाडी अडते कुठे

सुरुवातीला चुकलं की अर्थच पोचत नाही. समोरचा "काय?" म्हणतो आणि आपण सुधारतो. पुढे मराठी इतकी सुधारते की चुकीच्या शब्दानेही काम होतं. रिक्षावाला नेतो, दुकानदार देतो, डॉक्टरला कळतं. मग कोणी टोकत नाही. टोकणं नाशिककरांना उद्धटपणाचंही वाटतं, उलट "किती छान मराठी बोलता!" असं कौतुक होतं. चूक रोज वापरून पक्की होते ती अशी. लॅरी सेलिंकर या भाषाशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये या गोठण्याला जीवाश्म होण्याची उपमा दिली. कॅनडातल्या ज्या शाळांत इंग्रजीभाषक मुलं सगळे विषय फ्रेंचमधून शिकत होती, तिथला अनुभव मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये मांडला. वर्षानुवर्षं फ्रेंच ऐकून मुलांचं समजणं उत्तम झालं होतं, बोलण्या-लिहिण्यातल्या चुका मात्र तशाच होत्या. ऐकताना अर्थ लागला की मन पुढे सरकतं, शब्द कोणता होता याकडे बघत नाही. म्हणून "अजून मराठी मालिका बघा" हा सल्ला या टप्प्यावर फारसा उपयोगी नाही.

पायरी पहिली: स्वतःचं बोलणं कागदावर

मोबाईलवर आपलं आठ ते दहा मिनिटांचं बोलणं रेकॉर्ड करा. विषय निवडताना एक पथ्य पाळा. राजकारण, महागाई, मुलांचं शिक्षण असले विषय घेऊ नका. त्यात 'आहे', 'होतं', 'करतात', 'वाटतं' एवढ्यावर भागतं आणि चुका लपून राहतात. वस्तूंना काहीतरी झालं असेल असा प्रसंग सांगा. अपघात, घर बदलताना झालेली मोडतोड, स्वयंपाकघरातला गोंधळ, पावसात अडकलेली संध्याकाळ, यांपैकी काहीही चालेल. आधी लिहून काढून वाचू नका, सरळ बोला.

मग ते शब्दशः उतरवा. दहा मिनिटांचं बोलणं उतरवायला तासभर सहज लागतो, आणि कंटाळा येतो म्हणून बरेच जण हीच पायरी गाळतात. तसं करू नका. ऐकताना न खटकणारं वाक्य कागदावर खटकतं. उतरवताना सुधारूही नका, "ते... हे... तुटलं" असेल तर तसंच लिहा.

असा एक नमुना घेऊ. हिंदीभाषक माणूस पंधरा वर्षांनी जसं बोलतो तसाच हा आहे:

"परवा खूप पाऊस होता. गंगापूर रोडला गाडी घसरली आणि मित्राचा पाय तुटला. मोबाईलची काच पण तुटली. पिशवी तुटली, सगळे कांदे रस्त्यावर पडले. रात्री दोनला हॉस्पिटलचा फोन आला, माझी झोप तुटली. त्याचं लग्न पुढच्या महिन्यात होतं, ते पण तुटलं."

आता क्रियापदांखाली रेघा मारा. सहा वाक्यांत 'तुटणे' पाच वेळा आलं आहे. एकच क्रियापद वेगवेगळ्या वस्तूंना चिकटलेलं दिसलं की समजायचं, इथे आपण एका शब्दावर सगळं भागवतोय. आपल्या कागदावर असे दोन-तीन शब्द हमखास निघतात. हिंदीभाषकांच्या बाबतीत ते बहुधा तुटणे, खराब होणे, करणे आणि लागणे हे असतात. यातला एकच उचला. बाकीचे पुढच्या महिन्यासाठी.

पायरी दुसरी: पुरावा गोळा करणे

कोशात अर्थ बघायला धावू नका. कोश 'तुटणे' आणि 'मोडणे' या दोन्हींपुढे बऱ्याच अंशी तेच शब्द देतो, आणि आपली अडचण आहे तिथेच राहते. आधी वाक्यं जमवा. एका कुटुंबासाठी तीस वाक्यं पुरतात. प्रत्येक वाक्यात कशाला काय झालं, हे कर्त्यासकट लिहा. 'मोडणे = टूटना' अशी नोंद निरुपयोगी आहे. 'खुर्चीचा पाय मोडला, आता टेकू देऊन बसतो' ही नोंद कामाची.

दहा वाक्यं कानांनी आणायची. भद्रकालीच्या बाजारात, रविवार कारंजावर बसची वाट बघताना, चप्पल शिवणाऱ्याकडे, शिंप्याकडे. शेवटच्या दोघांकडे तर मुद्दाम जा, कारण वस्तूला नेमकं काय झालंय यावरच त्यांचा धंदा चालतो. शिंप्याला "शर्ट फाटला" म्हटलं तर तो रफू किंवा ठिगळाचा विचार करतो. "शिवण उसवली" म्हटलं तर नुसती टीप मारून देतो. पैशातही फरक पडतो.

दहा वाक्यं पेपरातून आणायची, पण नाशिकच्या पानावरच्या बातम्यांमधून. जाहिराती, हिंदीतून डब झालेल्या मालिका आणि ढकलसंदेश टाळा. त्यांतलं मराठी पुष्कळदा हिंदी वाक्यावर बेतलेलं असतं, आणि आपलीच चूक आपल्याला पुरावा म्हणून परत मिळते.

उरलेली दहा शोधून काढायची. गूगलवर अवतरण चिन्हांत दोन्ही जोड्या टाका:

```
"झोप मोडली"
"झोप तुटली"
```

वर दिसणाऱ्या निकालांच्या आकड्यावर विसंबू नका, तो बेभरवशाचा असतो. पहिली दहा-पंधरा वाक्यं वाचा आणि लिहिणारा कोण आहे ते पाहा. कथा, ललित लेख आणि जुन्या दिवाळी अंकांतली वाक्यं एका बाजूला, भाषांतरित बातमी दुसऱ्या बाजूला. कोश उघडायचा तो यानंतर. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश किंवा मोल्सवर्थचा १८५७ सालचा कोश आता इंटरनेटवर शोधता येतो. त्यात मूळ अर्थाखाली दिलेले वाक्प्रचार वाचा. आपल्या तीस वाक्यांत न आलेला वापर तिथे हमखास सापडतो. मात्र कोश जुने आहेत. तिथलं सगळंच आज बोललं जात नाही, म्हणून सापडलेला वाक्प्रचार वापरण्याआधी एकदा कोणाला तरी विचारा.

पायरी तिसरी: विचारायचं कसं

बहुतेकांचा घोळ इथे होतो. शेजारच्या काकूंना विचारलं, "काकू, 'पाय तुटला' बरोबर आहे का?" तर काकू म्हणणार, "हो हो, चालतं की, कळलं मला." त्या खोटं बोलत नाहीत. तुम्ही अर्थ पोचला का असं विचारलंत आणि त्यांनी त्याचंच उत्तर दिलं.

प्रश्न असा बदला: "काकू, कोणी सांगितलं की त्याचा पाय तुटला, तर तुमच्या डोळ्यांसमोर काय येईल?"

"अगं बाई! पाय गेलाच की मग. कापावा लागला का?"

"आणि पाय मोडला म्हटलं तर?"

"मग प्लॅस्टर. सहा आठवडे घरी."

मराठी घरात वाढलेल्या माणसाला नियम सांगता येत नाही, चित्र मात्र लगेच सांगता येतं. म्हणून "काय फरक आहे?" असं विचारायचं नाही. "काय झालं असं वाटेल?" असं विचारायचं. एकच प्रश्न तिघांना विचारा: एक साठीच्या पुढचं माणूस, एक चाळिशीचं, एक कॉलेजातलं. तिघांचं उत्तर सारखं आलं तर ती गोष्ट पक्की. कॉलेजातला वेगळं म्हणाला तर शब्द सरकतोय, एवढी नोंद करा. शहरातल्या पुष्कळ तरुणांच्या तोंडीही आता "काच तुटली" येतं. बागलाण, कळवण, मालेगावकडच्या माणसाच्या बोलण्यात अहिराणीची छटा असेल, इगतपुरीकडे भाताची कापणी न म्हणता 'सोंगणी' म्हणतील. ती चूक नव्हे. फक्त ते उत्तर वेगळ्या रकान्यात लिहा.

पायरी चौथी: नकाशा

तीस वाक्यं आणि तिघांची उत्तरं समोर आली की गटांना आकार येतो. हे काम स्वतः करून पाहिल्याशिवाय पुढचं वाचू नका असं सांगावंसं वाटतं, पण कोणी ऐकणार नाही. तर नकाशा असा.

'तुटणे' म्हणजे जोड जाणं. एकसंध, ताणलेली किंवा जोडलेली गोष्ट दोन जागी होते: दोरा, पतंगाचा मांजा, चपलेचा अंगठा, शर्टाचं बटण, विजेची तार, फोनवरचा संपर्क, नातं. फांदी तुटली म्हणजे झाडापासून सुटली. कपाचा कान तुटतो, म्हणजे कप राहतो आणि कान वेगळा होतो. पाय तुटला म्हटल्यावर काकूंना पाय वेगळा झालेला दिसला तो याच कारणाने.

'मोडणे' म्हणजे बांधणी किंवा घडी बिघडणं. तुकडे वेगळे व्हायलाच हवेत असं नाही. हाड मोडतं, खुर्ची मोडते, छत्रीची काडी मोडते. आकाराला लागू पडतं तेच ठरलेल्या किंवा चालू असलेल्या गोष्टीलाही लागू पडतं: बेत मोडतो, झोप मोडते, सवय मोडते, ठरलेलं लग्न मोडतं. सराफ बाजारात जुने दागिने मोडतात, बँकेत ठेव मोडतात, पाचशेची नोट मोडून घेतात, जुनी पितळी भांडी मोडीत घालतात. या सगळ्यांत वस्तूचा आधीचा आकार संपवून दुसरं काहीतरी घेणं आहे. नव्या साडीची घडी मोडणं म्हणजे ती पहिल्यांदा नेसणं. हिंदीत 'मोड़ना' म्हणजे वळवणं किंवा दुमडणं, म्हणून "कागद मोडा" असं हिंदीभाषक सहज म्हणून जातात. मराठीत कागदाची घडी घालतात किंवा तो दुमडतात, आणि रस्त्यावर उजवीकडे वळतात.

'फुटणे' ठिसूळ, पोकळ किंवा भरलेल्या वस्तूचं: काच, मडकं, फुगा, नारळ, पाण्याची पाइपलाइन, कालवा. यात आतलं बाहेर येण्याची कल्पना आहे, म्हणून घाम फुटतो, पालवी फुटते, रडू फुटतं, परीक्षेचा पेपर फुटतो. एकत्र असलेले लोक फुटतात: पक्ष फुटतो, आमदार फुटतात. निफाडच्या थंडीत ओठ फुटतात. इथे हिंदीचा 'फटना' आडवा येतो आणि "ओठ फाटले" निघतं. ते हल्ली मराठी तोंडांतूनही ऐकू येतं, पण जुन्या माणसांना 'फुटले'च जवळचं.

'फाटणे' पातळ, पसरट गोष्टीचं: कापड, कागद, प्लास्टिकची पिशवी. हा गट सर्वांत सोपा आहे, इथे फार चुका होत नाहीत.

एकाच छत्रीवर हे सगळं तपासता येतं. कापड फाटतं, काडी मोडते, कापड काडीला बांधणारा दोरा तुटतो. यातून लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट ही की क्रियापद वस्तूवरून ठरत नाही, इजेवरून ठरतं. 'छत्री म्हणजे मोडणे' असं पाठ करणाऱ्याची गाडी म्हणूनच पुन्हा अडते.

आता नमुन्याकडे परत जाऊ. मित्राचा पाय मोडला. मोबाईलची काच फुटली, आणि नुसती रेघ उमटली असेल तर काचेला तडा गेला. झोप मोडली. पिशवीचं मात्र कागदावरून ठरत नाही. प्लास्टिकची असेल तर फाटली. कापडी असून शिवण सुटली असेल तर उसवली. कांद्याच्या वजनाने हातातला बंद निघाला असेल तर बंद तुटला. बोलणाऱ्याला विचारावंच लागेल. आणि लग्न? ते कायमचं रद्द झालं असेल तर मोडलं. पाय प्लॅस्टरमध्ये आहे म्हणून तारीख बदलली असेल तर पुढे ढकललं. "लग्न मोडलं" असं कॉलनीत पसरलं तर मुलीकडच्यांचे फोन सुरू होतील, तेव्हा इथे शब्द जपून. जाता जाता, कांदे नुसते 'पडले' नाहीत. पिशवीतून निघून रस्ताभर गेले ते घरंगळले किंवा सांडले. 'पडणे' हाही असाच सगळीकडे चालवला जाणारा शब्द आहे, पण त्याचा महिना वेगळा.

नकाशात दोन बारकावे आणखी आहेत. एक व्याकरणाचा. तुटणे-तोडणे, फुटणे-फोडणे, फाटणे-फाडणे अशा जोड्या आहेत: पहिलं आपोआप होतं, दुसरं कोणी करतं. 'मोडणे'ला जोडी नाही. "खुर्ची मोडली" आणि "त्याने खुर्ची मोडली" यांत क्रियापद तेच राहतं. जोडीच्या सवयीने काही जण "मुडली" असं रूप तयार करतात. ते या अर्थाने प्रमाण मराठीत नाही.

दुसरा बारकावा प्रसंगाचा. शुभ किंवा नाजूक ठिकाणी मराठी माणूस ही क्रियापदं मुद्दाम टाळतो. पूजेत नारळ 'वाढवतात'. 'फोडतात' असंही सर्रास म्हणतात, पण पुरोहिताच्या आणि आजीच्या तोंडी 'वाढवणे' येतं. बांगडी फुटली तर ती 'वाढवली' किंवा 'वाढली', मंगळसूत्र तुटलं तर ते 'वाढलं'. पंचवटीत एखाद्या घरी पूजेला बसला असाल आणि यजमानीण म्हणाली, "अहो, बांगडी वाढली," तर "किती वाढली?" असं विचारू नका. उपासाचंही तसंच. संध्याकाळी रीतसर जेवून उपास सोडतात. दुपारी विसरून भजी खाल्ली तर उपास मोडतो. दोन्ही वाक्यं बरोबरच आहेत, फक्त दुसऱ्यावर घरात चर्चा होते.

पायरी पाचवी: हातात बसवणे

नकाशा कळला म्हणजे तोंडी आला असं नाही. बोलताना विचार करायला अर्धा सेकंदही नसतो आणि जुना शब्द आधी पोचतो. त्यासाठी तीन सराव, रोज मिळून वीस मिनिटं.

पहिला सराव गाळलेल्या जागांच्या चिठ्ठ्यांचा. एका कुटुंबासाठी बारा चिठ्ठ्या पुरे. पुढच्या बाजूला वाक्य, क्रियापदाची जागा रिकामी. वाक्य असं हवं की त्यात एकच शब्द बसेल. "पिशवी ___" ही वाईट चिठ्ठी, कारण तीन उत्तरं चालतात. "शिंपी म्हणाला, कापड चांगलं आहे, नुसती शिवण ___, दोन मिनिटांत टीप मारतो" ही चांगली. शब्द एका बाजूला आणि अर्थ दुसऱ्या बाजूला अशी चिठ्ठी करू नका. तिच्यातून शब्द आठवतो, पण कधी वापरायचा ते आठवत नाही. चिठ्ठ्या आज, उद्या, मग तिसऱ्या, सातव्या आणि सोळाव्या दिवशी काढा, आणि दर वेळी पिसून घ्या. क्रम पाठ झाला तर उत्तर बरोबर येतं, पण शिकणं होत नाही.

चारही क्रियापदं एकाच दिवशी चिठ्ठ्यांवर आणू नका. जवळचे शब्द एकदम घेतले की ते एकमेकांत मिसळतात आणि आधी बरोबर येत होतं तेही डळमळतं. पहिला आठवडा फक्त तुटणे आणि मोडणे, कारण सर्वांत जास्त गोंधळ त्यांच्यातच आहे. ते पक्के झाल्यावर फुटणे. फाटणे शेवटी, तेही उसवणे बरोबर घेऊन.

दुसरा सराव परत उभारणीचा. साठ-ऐंशी शब्दांचा, वस्तूंची मोडतोड असलेला मराठी उतारा घ्या. वादळी पावसाची किंवा अपघाताची स्थानिक बातमी उत्तम. दोनदा वाचा, मुद्द्याचे पाच-सहा नामशब्द टिपून ठेवा आणि उतारा बाजूला ठेवा. दुसऱ्या दिवशी त्या नामांवरून तोच उतारा लिहा. मग मूळ उतारा शेजारी ठेवून फक्त क्रियापदं ताडून पाहा. तुम्ही "झाडं पडली" लिहिलं आणि मूळ लेखकाने "झाडं उन्मळून पडली, फांद्या तुटून तारांवर आल्या, पत्रे उडाले" असं लिहिलं असेल, तर तुमच्या शब्दांत कुठे भोक आहे ते लख्ख दिसतं. मात्र मूळ लेखकाचा प्रत्येक शब्द उचलायचा नाही. बातमीत 'वीजपुरवठा खंडित झाला' असतं, घरात मात्र 'लाईट गेली'. कोणता शब्द कुठला, हे समासात लिहून ठेवा.

तिसरा सराव बोलण्याचा. दोन मिनिटांची एक गोष्ट तिघांना सांगा, वेगवेगळ्या वेळी. पहिल्यांदा शब्द शोधावा लागेल, दुसऱ्यांदा आठवेल, तिसऱ्यांदा तो आपसूक येईल. गोष्ट खरी असेल तर सोपं जातं, म्हणून नमुन्यातला अपघात किंवा घरातली मोडतोड घ्या. ऐकणाऱ्याला आधीच एक काम सांगून ठेवा: "मधे थांबवू नका, पण एखादा शब्द खटकला तर बोटाने टेबलावर टिचकी मारा." वाक्य सुधारून द्यायला लावलं की लोक ओशाळतात. टिचकी मारायला कोणी ओशाळत नाही.

कुठे घसरतं

पहिल्या दोन आठवड्यांत एक गंमत होते. नवा शब्द हाती लागला म्हणून तो सगळीकडे निघतो: दोरी मोडते, बटण मोडतं, काचही मोडते. घाबरू नका, जुना पट्टा सुटल्याचं हे लक्षण आहे. पण तिसऱ्या आठवड्यातही ते चालू असेल तर 'मोडणे'च्या चिठ्ठ्या कमी करून 'तुटणे'च्या वाढवा.

दुसरी घसरण वरच्या बाजूला होते. नेमकं बोलायचं म्हणून भग्न, खंडित, विदीर्ण असले शब्द येऊ लागतात. नेमकेपणा आणि पुस्तकीपणा एक नव्हेत. मुळात मराठी बोलणारा माणूस घरगुती गोष्टीला घरगुती शब्दच वापरतो, तो फक्त बरोबर निवडतो. म्हणी आणि वाक्प्रचारांचा मारा ही तिसरी घसरण. "कंबर मोडली", "वाचा फोडली" असं दर वाक्याला आलं की ऐकणाऱ्याला पाठांतराचा वास येतो.

आणि काही ठिकाणी दोन्ही चालतं, ते सोडून द्या. नियम मोडतात आणि तोडतातही. पेन्सिलीचं टोक मोडतं आणि तुटतंही. तिघांपैकी दोघं एक आणि एक दुसरं म्हणाला की तिथे वेळ घालवू नका.

महिन्यानंतर

अठ्ठावीस दिवसांनी पुन्हा आठ-दहा मिनिटं रेकॉर्ड करा. विषय त्याच जातीचा, प्रसंग नवा. तोच प्रसंग सांगितला तर पाठ झालेली वाक्यं येतील आणि खोटं समाधान मिळेल. उतरवून तेच मोजा: चारही क्रियापदं किती वेळा आली, त्यातली किती बरोबर, आणि किती ठिकाणी तुम्ही अडखळून मग बरोबर शब्द घेतलात. ही शेवटची मोजणी महत्त्वाची. अडखळून बरोबर आलेला शब्द अजून कच्चा आहे, त्याच्या चिठ्ठ्या आणखी दोन आठवडे चालू ठेवा. दहांपैकी आठ जागी न अडखळता बरोबर आलं की हे कुटुंब बाजूला ठेवायला हरकत नाही.

मग पुढचं घ्या. 'खराब होणे' घ्यायचं असेल तर पुरावा शोधायला लांब जावं लागणार नाही, स्वयंपाकघर उघडा. दूध नासतं, भिजवलेलं पीठ आंबतं, फळ कुजतं किंवा सडतं, खोबऱ्याचे लाडू खवट होतात, लोणच्याला बुरशी लागते, डाळीला कीड लागते. आणि मिक्सर? तो बिघडतो किंवा बंद पडतो. मिक्सर मोडला असं म्हणायचं असेल तर आधी तो ओट्यावरून खाली पडायला हवा.